रविवारी गाडी बघायला जाशील तेव्हा

चि. नितीन,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले दोन्ही गाड्यांचे फोटो मोठे करून बघितले. धानोरीची गाडी सोडून दे, कोथरूडची बघून ये. का, ते खाली लिहिलं आहे. फोनवर सांगायला लागलो की तू ‘हो बाबा, हो बाबा’ करतोस आणि ठेवल्यावर अर्धं विसरतोस, म्हणून लिहून देतोय. माझा गुडघा सध्या जिना उतरू देत नाही, नाहीतर मीच आलो असतो. हे पत्र खिशात ठेव आणि त्याच क्रमाने जा.

क्रम महत्त्वाचा आहे. ज्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत त्या आधी, ज्यांना रॅम्प आणि मेकॅनिक लागतो त्या शेवटी. लोक उलटं करतात. आधी गाडीत बसतात, म्युझिक सिस्टीम लावतात, रंग आवडतो, टोकन देऊन टाकतात आणि मग मला फोन करतात, ‘काका, जरा बघता का?’ टोकन दिल्यावर माणसाला गाडीतली खोट दिसत असली तरी बघायची नसते.

घरी बसून

धानोरीच्या गाडीपासून सुरुवात करतो. नोंदणी मार्च २०१६ ची, मीटरवर ४३ हजार. मालक म्हणतो एकहाती वापर, घर ते ऑफिस. आता तूच पाठवलेला टायरचा फोटो बघ. टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. या टायरवर ०८२१ आहे, म्हणजे २०२१ च्या आठव्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०१६ ची, म्हणजे कंपनीतून आलेले टायर एकदा संपून हे बसवलेले आहेत. आता हेही संपले आहेत. खोबणीच्या तळाशी रबराचे आडवे छोटे उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की बदलायचा. फोटोत चारही टायर तिथपर्यंत आलेत, आणि सगळीकडे सारखे झिजलेत. अलाइनमेंट बिघडून एकच कड खाल्ली असती तर गोष्ट वेगळी होती.

साध्या वापरात या मापाचा टायरचा सेट ३५ ते ४५ हजार किलोमीटर जातो. दोन सेट संपले म्हणजे कमीत कमी धरलं तरी ७० हजार. मीटर ४३ दाखवतंय. तू म्हणशील, मालकाने जुने टायर आणून बसवले असतील. असतील. पण मग ब्रेक पेडलचं रबर बघ, उजव्या कडेचे दाणे पूर्ण गुळगुळीत झालेत. स्टिअरिंगवर वरच्या दोन बाजूंना चकाकी आली आहे. आणि सीटला कोरं करकरीत कव्हर आहे, ते बाजूला करून फोटो पाठवा म्हटलं तर त्याने विषय बदलला असं तूच सांगितलंस. टायर, पेडल, स्टिअरिंग आणि मीटर या चौघांनी एकाच किलोमीटरची साक्ष द्यायला हवी. इथे तिघे एका बाजूला आणि मीटर एकटं दुसऱ्या बाजूला आहे.

८० हजार चाललेली पेट्रोल गाडी मला चालते. वेळेवर ऑइल बदललेलं असेल तर ते इंजिन अजून तेवढंच सहज जाईल. पण मीटर मागे फिरवलेल्या गाडीत एक अडचण असते. मीटरच्या गोष्टीला जुळावं म्हणून सर्व्हिसच्या पावत्या नाहीशा केलेल्या असतात. मग ऑइल कधी बदललं, कूलंट कधी बदललं, कशाचाच पत्ता लागत नाही. म्हणून ती गाडी सोड.

कोथरूडच्या गाडीचं उलट आहे. नोंदणी जानेवारी २०१७, मीटर ६१ हजार. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या यादीत २०२१ मध्ये ३७ हजारांची नोंद आहे, आणि टायरवर १४२१. म्हणजे या टायरवर साधारण २४ हजार झाले. फोटोत नक्षी निम्म्याहून थोडी जास्त उरलेली दिसते. जुळतं. म्हणून बघायला जा म्हणतोय.

यादी मागताना एक लक्षात ठेव. मालकाच्या मोबाइलवरून, मालकाच्याच लॉगिनने उघडलेली यादी बघ. छापून आणलेल्या कागदावर भरवसा ठेवू नकोस.

कागद, गाडीला हात लावण्याआधी

mParivahan या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की मालक कितवा आहे, कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधी संपते, हे दिसतं. कर्जाच्या रकान्यात बँकेचं नाव दिसलं, तर ‘कर्ज केव्हाच फिटलंय हो’ हे तोंडी चालणार नाही. बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात हवा. ते दोन्ही मिळेपर्यंत व्यवहार पुढे सरकवू नकोस.

दंडाची पावती किती थकली आहे ते mahatrafficechallan.gov.in वर कळतं. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. पुण्यात कॅमेऱ्याने काढलेली चलनं मालकाला माहीतही नसतात. ती मालकाने भरायची, तेही हस्तांतराच्या आधी.

विम्याची पॉलिसी नीट वाच, त्यात गाडीचा इतिहास लपलेला असतो. ‘नो क्लेम बोनस’ असा एक रकाना असतो. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के सूट मिळते. क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर येतो. पहिलाच मालक आहे, गाडी इतक्या वर्षांची आहे आणि बोनस शून्य किंवा २० टक्के आहे, म्हणजे अलीकडेच काहीतरी झालंय. काय झालं ते सरळ विचार. बंपर बदलला असेल तर हरकत नाही. उत्तर देताना माणूस अडखळला तर बॉडी बघताना दुप्पट वेळ दे. मात्र हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. दुसऱ्या हातातल्या गाडीत तो शून्यापासून सुरू झालेला असू शकतो.

आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी एकेक अक्षर जुळवून बघ. सतरा अक्षरं-आकडे असतात. इंजिन नंबरही बघ. गाडी २०१९ च्या एप्रिलच्या आधीची आहे, म्हणून नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही बघून घे. बाहेरून गॅस किट बसवलं असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं.

आणि फक्त एमएच १२ किंवा एमएच १४ पासिंगच बघ. परराज्यातली गाडी ३० हजारांनी स्वस्त दिसते, पण तिथली एनओसी, इथला टॅक्स आणि नवा नंबर या भानगडीत ते पैसे आणि तुझ्या चार सुट्ट्या जातात.

गार इंजिन

शनिवारी रात्रीच मालकाला फोन करून सांग, ‘सकाळी सातला येतो, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे बोनेटवर तळहात ठेव. कोमट लागला तर गाडी आधी चालू केलेली आहे. नम्रपणे सांग, की दुपारनंतर किंवा दुसऱ्या दिवशी येतो. गरम इंजिन बऱ्याच गोष्टी झाकतं, म्हणून विकणारे ते गरम करून ठेवतात.

बोनेट उघड. इंजिन गार असल्याची खात्री झाली की रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघड. गरम असताना चुकूनही नाही, आतलं पाणी उसळून हात भाजतो. कूलंट हिरवं, लाल किंवा निळं असू शकतं, पण स्वच्छ हवं. तांबूस-तपकिरी, गंजाचं पाणी दिसलं तर त्यात कूलंटऐवजी बोअरचं पाणी टाकत राहिलेत. इकडच्या बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात, मग उन्हाळ्यात घाटात गाडी तापते. वर तेलाचा तवंग दिसला तर ते आणखी वाईट आहे, हेड गॅस्केटची शंका घे.

मग ऑइल भरायचं झाकण उघडून त्याची आतली बाजू बघ. दुधाच्या चहासारखा घट्ट राप चिकटलेला असेल, तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय. मात्र रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत थंडीच्या दिवसांत वाफ साचून झाकणाला थोडा असा राप येतो. म्हणून डिपस्टिकही बघ. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंटही ठीक असेल तर नुसत्या झाकणाला घाबरू नकोस. डिपस्टिकवरच राप असेल तर मात्र बोनेट बंद कर आणि घरी ये.

काळं ऑइल म्हणजे खराब इंजिन नव्हे. उलट विकायच्या आदल्या दिवशी भरलेलं सोनेरी ऑइल मला जास्त विचार करायला लावतं. काहीजण मुद्दाम जाडं ऑइल भरतात. त्याने झिजलेल्या इंजिनाचा आवाज आणि धूर काही दिवस दबतो.

आता किल्ली फिरव, पण स्टार्ट करू नकोस. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले पाहिजेत. इंजिनच्या चित्राचा, ऑइलच्या किटलीचा, एअरबॅगचा. गाडी स्टार्ट झाल्यावर ते सगळे विझले पाहिजेत. यात लोक फसतात कुठे, तर न लागणारा दिवा त्यांच्या लक्षात येत नाही. एअरबॅग उघडून गेलेली गाडी स्वस्तात दुरुस्त करताना एअरबॅग बसवतच नाहीत, नुसतं कव्हर लावतात. दिवा पेटून राहू नये म्हणून त्याची जोडणीच तोडतात. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा एकदाही लागला नाही, तर ती गाडी मोठ्या अपघातातून आली आहे असंच धर.

स्टार्ट करताना मालकाला आत बसव आणि तू मागे सायलेन्सरपाशी उभा राहा. सकाळच्या गारव्यात सुरुवातीला पांढरी वाफ आणि दोन-चार थेंब पाणी येतं, दोन मिनिटांत थांबतं. ते नैसर्गिक आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, बहुधा सेन्सर किंवा इंजेक्टर. काळ्याची दुरुस्ती त्यातल्या त्यात हलकी, निळ्याची महागडी.

स्टार्ट होताच पहिल्या क्षणी पुढे साखळी खळखळल्यासारखा आवाज आला आणि दोन-तीन सेकंदांत बंद झाला, तर टायमिंग चेन ढिली पडायला लागली आहे. बंद झालाच नाही तर चेन-किटचं काम आजच उभं आहे. म्हणून सांगतोय, गार इंजिन हवं. गरम गाडीत ऑइल वर चढलेलं असतं, हा आवाज ऐकूच येत नाही.

एसी लावून पंधरा मिनिटं तसंच चालू राहू दे. रेडिएटरचा पंखा आपोआप लागला पाहिजे. मग ऑइलचं झाकण हळूच सैल कर. थोडी वाफ, थोडी फुंकर येतेच. पण धुराची सलग धार येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. आमच्या भाषेत, इंजिन काम मागतंय.

बॉडी आणि पाणी

हे सकाळच्या तिरप्या उन्हात कर, पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली नाही. गाडीच्या एका कोपऱ्यावर गुडघ्यावर बसून कडेने नजर टाक. पत्र्यावर प्रतिबिंब लाटेसारखं मोडत असेल तर खाली पुट्टी आहे. रुमालात गुंडाळलेलं फ्रिजचं पातळ मॅग्नेट तिथे लाव. शेजारी घट्ट चिकटतं आणि तिथे घसरतं, तर पुट्टी जाड आहे. बंपर प्लॅस्टिकचे असतात, त्यांना लावून घाबरू नकोस.

दारावर, कोपऱ्यावर पुट्टी असणं हा पुण्यातल्या गाडीचा धर्मच आहे. त्याने काही बिघडत नाही. मला काळजी सांगाड्याची. बोनेट उघडून दोन्ही बाजूंच्या एप्रनकडे बघ, म्हणजे पुढच्या शॉकअपचं डोकं जिथे बसतं तो पत्रा. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे एकसारख्या अंतरावर रांगेत असतात. हाताने केलेली वेल्डिंग खडबडीत असते, तिच्यावर रंग जाड थापलेला असतो. डावा आणि उजवा एप्रन एकमेकांशी ताडून बघ, फरक लगेच दिसतो. मग चारही दारांचं रबरी बीडिंग थोडं ओढून पिलरवरचे तेच खळगे बघ. पिलर कापून जोडलेली गाडी कितीही स्वस्तात मिळाली तरी नको.

बोनेटच्या आणि दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघ. पान्याने रंग उडाला असेल तर तो भाग काढून बसवलेला आहे. काचांच्या कोपऱ्यात छापलेली खूण बघ. सगळ्या काचांवर वर्षाची खूण एकच किंवा अगदी जवळची हवी. पुढची काच दगड लागूनही बदलली जाते. पण मागच्या दाराची एकटी काच वेगळ्या वर्षाची निघाली, तर त्या बाजूचा पिलर पुन्हा एकदा बघ.

आता पाणी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने सहकारनगर-अरण्येश्वर भागात गाड्या वाहून नेल्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रोडच्या एकता नगरीत पार्किंगं बुडाली. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर कुठे जातात? बऱ्याचशा धुऊन-पुसून, अत्तर मारून पुन्हा बाजारात येतात. इंजिन एक वेळ उघडून साफ करता येतं. वायरिंगच्या सॉकेटमध्ये शिरलेलं गढूळ पाणी मात्र काही महिन्यांनी हिरवा गंज धरतं. मग एक दिवस पॉवर विंडो चालत नाही, दुसऱ्या दिवशी गाडी स्टार्ट होत नाही आणि कुणालाच कारण सापडत नाही.

ओळखायची जागा सांगतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ. आतला शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. त्यावर मातकट रेघ असेल तर पाणी तिथपर्यंत आलं होतं. पुढची सीट मागे सरकवून रुळांखाली टॉर्च मार. गंज आणि बोटाला लागणारी बारीक गाळाची माती बघ. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खालचा खड्डा बघ. शेवटी काचा बंद करून एसीची हवा आतल्या आत फिरव आणि पंखा पूर्ण सोड. ओल्या गोणपाटाचा वास आला किंवा अत्तराचा भपका नको इतका वाटला तर काय समजायचं ते समज.

घाटात

कोथरूडहून चांदणी चौक, भूगाव करत पिरंगुटच्या घाटापर्यंत जा आणि परत ये. रविवारी सकाळी आठच्या आत रस्ता मोकळा असतो. तुझ्या मित्राला बाइकवर मागून यायला सांग, त्याचं काम फक्त सायलेन्सरवर नजर ठेवणं. मालकाला शेजारी बसव आणि रेडिओ बंद ठेव.

चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघ. इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी तितकी ओढत नाही, तर क्लचप्लेट घसरते आहे. पेडल जड लागणं हेही क्लच संपत आल्याचं लक्षण. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ६० हजारांना क्लच मागणं यात नवल नाही. ते काम होण्यासारखं आहे, फक्त किमतीतून वळतं करायचं.

उतारावर गाडी गिअरमध्येच ठेव, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढ आणि अर्धा-एक किलोमीटर तशीच उतरू दे. खाली सपाटीला आल्यावर एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाब. उतरताना इंजिनमध्ये हवेचा ओढा वाढतो, आणि व्हॉल्व्हची सील कडक झाली असतील तर त्या ओढ्याने ऑइल आत खेचलं जातं. मग पाय दाबताच ते जळून निळा ढग निघतो. मित्राला तो दिसेल, तुला दिसणार नाही. ढग येऊन थांबला तर सीलचं काम. चढावर जोर लावतानाही निळा धूर सलग येत असेल तर रिंगा. सीलचा खर्च सोसेल, रिंग-पिस्टनचा नाही.

सपाट मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगात मागे कुणी नाही बघून सरळ ब्रेक दाब. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकल्यात, गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर अडकतोय. परत येताना एखाद्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरव, आधी डावीकडे मग उजवीकडे. कट-कट-कट असा लयीत आवाज आला तर अ‍ॅक्सलचा जॉइंट गेलाय. स्पीडब्रेकरवर एका चाकाने हळू जा. ठक असा आवाज लिंक रॉड किंवा लोअर आर्मच्या बुशचा असतो. बुश स्वस्त असतात, आपल्या खड्ड्यांत प्रत्येक गाडीचे जातात.

रॅम्पवर, आणि किंमत

इथपर्यंत गाडी पास झाली तरच पुढचे पैसे खर्च कर. वारज्यात माझा जुना हेल्पर आता स्वतःचं गॅरेज चालवतो, त्याचा नंबर तुझ्याकडे आहे. मालकाने सुचवलेल्या गॅरेजमध्ये जाऊ नकोस. माझ्या हेल्परला तीनच कामं सांग. गाडी रॅम्पवर घेऊन खालून सांगाडा, ऑइलची गळती आणि अ‍ॅक्सलचे रबरी बूट बघायचे. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. आकडा किती यापेक्षा चौघांचे आकडे सारखे आहेत का ते महत्त्वाचं, एखादा दहा टक्क्यांहून जास्त मागे पडला तर त्या सिलिंडरमध्ये काहीतरी आहे. तिसरं म्हणजे स्कॅनर लावायचा. नुसतं ‘एकही एरर नाही’ यावर खूश होऊ नकोस. स्कॅनरमध्ये एक पान असतं, त्यात गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का ते दिसतं. बऱ्याच चाचण्या ‘अपूर्ण’ दिसल्या तर एरर नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. अशा वेळी मालकाला दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी वापरू दे आणि पुन्हा स्कॅनर लाव.

आता हिशेब. मालक ४ लाख २५ हजार मागतोय. समजा सगळं ठीक निघालं, फक्त क्लच जड आणि बॅटरी जुनी. क्लच मजुरीसकट १० हजार धर. बॅटरी ५ हजार. घेतल्याबरोबर करायची सर्व्हिस, म्हणजे ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, प्लग, यांना ७ हजार. टायरची नक्षी आहे, पण रबर २०२१ चं आहे. वर्ष-दीड वर्षात चारही बदलावे लागतील, त्याचे निम्मे म्हणून ९ हजार. एकूण ३१ हजार. हे माझे नाना पेठेतल्या भावाचे अंदाज आहेत, सुटे भाग कंपनीचे घेतलेस तर थोडं वर जाईल.

हा कागद मालकासमोर ठेव. ‘कमी करा ना काका’ म्हणून घासाघीस करू नकोस. काय काय करायचं आहे ते दाखव आणि ३ लाख ८० हजारांपासून सुरुवात कर. ३ लाख ९५ पर्यंत ये. त्याच्या वर चहा पिऊन निघून ये. आरसीची मुदत नोंदणीपासून १५ वर्षं, म्हणजे जानेवारी २०३२. त्यानंतर फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर भरून पुढची पाच वर्षं मिळतात. तू गाडी पाच वर्षं वापरून विकलीस तर घेणाऱ्याला फारसं काही उरणार नाही. म्हणून मी त्या आकड्यावर अडतोय.

पैसे आणि नाव

टोकन पाच हजारांच्या वर नको, तेही बँकेतून, आणि ‘कर्ज किंवा चलन निघाल्यास परत’ असं मोबाइलवर लिहून घेऊन. उरलेली रक्कम आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात जायला हवी. भावाच्या, मेहुण्याच्या खात्यात नाही.

पैसे देताना त्याच बैठकीत नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घे. ताबा पावती कर आणि त्यावर तारखेबरोबर वेळही लिही. त्या दिवशी दुपारपर्यंत त्याने काय केलं आणि संध्याकाळपासून तू काय केलंस, हे त्यावरून ठरतं. नाव बदलण्याचा अर्ज कायद्याने ३० दिवसांत करायचा असतो, तू त्याच आठवड्यात कर. मालकही मदत करेल, कारण आरसीवर त्याचं नाव आहे तोवर अपघाताची जबाबदारी त्याच्याच गळ्यात असते, हे त्याला सांग.

विमा तुझ्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीला कळव. उशीर केलास आणि मधे गाडी ठोकलीस, तर समोरच्याचं नुकसान पॉलिसीतून निघेल, तुझ्या गाडीचं नाही. जुन्या मालकाच्या बोनसची सूट तुला मिळणार नाही, तो फरक भरावा लागेल. तेही हिशेबात धर.

नवी आरसी आली की चेसिस नंबर पुन्हा एकदा गाडीवरच्या नंबराशी जुळवून बघ. नोंद करताना एखादं अक्षर चुकलं असेल तर तेव्हाच आरटीओत अर्ज देऊन दुरुस्त करून घे. क्लेमच्या वेळी कळलं तर सर्व्हेअर फाइल पुढे सरकवणार नाही.

तुझे,
बाबा